आंबा नसलेले दहा महिने

२०२०च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीने वाशीच्या बाजाराची घडी विस्कटली आणि कोकणातल्या अनेक बागायतदारांना आपल्या पेट्या थेट मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांच्या दारात न्याव्या लागल्या. त्यापूर्वी बहुतेकांचं गिऱ्हाईक म्हणजे दलाल. आंबा खाणाऱ्याचं तोंड बागायतदाराने पाहिलेलं नसायचं. त्या हंगामात ते पहिल्यांदा दिसलं. माझा मावसभाऊ, आमचा दादा, त्यांतलाच एक. रत्नागिरी तालुक्यात पावसच्या बाजूला त्याची हापूसची बाग आहे, थोडी पायरीची कलमंही आहेत. त्या वर्षी त्याच्याकडे एक लांबट वही तयार झाली: सोसायटीचं नाव, फ्लॅट नंबर, फोन, किती डझन, पैसे आले की नाही. पुण्यात त्याच्या पेट्या उतरवून घेणं आणि वाटणं माझ्याकडे आलं, आणि पुढे ओघानेच त्या वहीतल्या माणसांशी बोलणंही माझ्याकडेच आलं.

थेट विक्रीतली खरी अडचण हंगाम संपल्यावर सुरू होते. आंबा हाताशी असतो तो फार तर मार्चअखेरपासून मेअखेरपर्यंत. उरलेले दहा महिने ग्राहकाला बागायतदाराची आठवण राहण्याचं काहीच कारण नसतं. पुढच्या मार्चमध्ये ‘आंबा सुरू झाला’ असा मेसेज त्याला येतो, पण तसाच मेसेज त्याच आठवड्यात आणखी दहा जणांकडून आलेला असतो. दादाने पहिली दोन वर्षं व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी वापरली. तिच्यात २५६ जण मावतात, आणि ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केलेला असतो त्यांनाच तो मेसेज पोचतो. ग्राहकाने वर्षात एकदाच आंबे घेतले असतील, तर तो नंबर जतन करतोच असं नाही. वहीत नावं पुष्कळ होती, पण उत्तरं मोजक्यांचीच येत होती.

म्हणून ग्रुप काढायचं ठरलं. कोण घ्यायचं, हा पहिला प्रश्न होता. दादाचं म्हणणं, वहीतले सगळे घालू या. वहिनीने मात्र वही पुढे ओढली आणि काही नावांवर खुणा केल्या. तिच्या खुणा जास्त पेट्या घेणाऱ्यांच्या नावांवर नव्हत्या. ज्यांनी सलग दोन हंगाम आंबा घेतला होता आणि आंबा खाल्ल्यावर आपणहून फोन करून काहीतरी सांगितलं होतं, ते तिने निवडले. काय सांगितलं याला महत्त्व नव्हतं. एकाने पेटीत खालचे दोन डागी निघाल्याचं कळवलं होतं, तर एका आजींनी पेंढा कुंडीत घातल्याचं सांगितलं होतं. कार्यालयातल्या लोकांना वाटायला तीस पेट्यांची चौकशी करणारे एक मोठे गिऱ्हाईक या यादीत आले नाहीत. ते ग्राहक चांगले होते, पण त्यांना बोलायचं नव्हतं. वहिनीची ही चाळणी मला आजही सगळ्यात मोलाची वाटते, कारण ग्रुप पुढे जसा वागला तो या निवडीमुळे.

खुणा केलेल्या प्रत्येकाला फोन गेला. हे काम आठवडाभर चाललं, आणि ते टाळता येण्यासारखं नव्हतं. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर इतर सगळ्यांना दिसतो. ‘तुमचा नंबर बाकीच्यांना दिसेल, चालेल का?’ हे विचारल्याशिवाय कोणालाही आत घ्यायचं नाही, असं ठरवलं होतं. काहींनी, विशेषतः एकट्या राहणाऱ्या दोन बायकांनी, नको म्हणून सांगितलं. त्यांना आंब्याची खबर आजही वेगळी जाते. बाकीच्यांना दुवा पाठवला आणि आत यायचं की नाही ते त्यांच्यावर सोडलं. सव्वाशेच्या आसपास माणसं जमली. पुणं, ठाणं, डोंबिवली, थोडी नाशिकची.

दुसरा निर्णय विक्रीबद्दलचा. ग्रुपवर दर एकदाच सांगायचा, मार्चमध्ये, एकाच मेसेजमध्ये: पेटी किती डझनांची, फळाचं वजन कोणत्या गटातलं, पुण्यात कधी पोचणार. मागणी ग्रुपवर नोंदवायची नाही, वहिनीच्या नंबरवर कळवायची. यामागे साधं कारण आहे. एकाने ‘मला चार’ लिहिलं की खाली ‘मला दोन’, ‘मला पाच’ अशी रांग लागते, आणि ज्याला या वर्षी परवडत नाही किंवा घ्यायचं नाही त्याला तिथे उभं राहणं अवघड होतं. तो गप्प होतो आणि काही दिवसांनी निघून जातो. कोणी किती घेतले हे न दिसल्यामुळे एक सेवानिवृत्त शिक्षक वर्षाला एकच डझन घेऊनही ग्रुपवर सगळ्यात जास्त बोलतात. ग्रुपवर ‘थोड्याच पेट्या शिल्लक’ असं कधी लिहायचं नाही, असंही दादाने कबूल केलं. ते त्याला जड गेलं, कारण मेच्या मध्यावर खरंच थोड्याच शिल्लक असतात.

आता उरले ते दहा महिने, आणि या ग्रुपची खरी गोष्ट त्यातलीच.

पहिल्या वर्षी दादा बागेचे फोटो टाकत असे. जूनमध्ये पावसात न्हालेली कलमं, नंतर आळ्यात शेणखत, ऑक्टोबरात तांबूस पालवी. लोक अंगठा दाखवत, ‘सुंदर’ लिहीत, आणि बोलणं तिथेच थांबे. फोटो छान होते, पण त्यांच्याकडे पाहण्यापलीकडे ग्राहकाला करण्यासारखं काही नव्हतं. ग्रुपला जाग आली ती एका प्रश्नाने. जूनच्या पहिल्या आठवड्यात डोंबिवलीच्या एका ताईंनी विचारलं, “तुमच्या हापूसची बाठ आमच्या कुंडीत रुजली आहे. हिला हापूस लागेल का?”

दादाने उत्तर लिहिलं, आणि ते लांबलचक होतं. हापूसच्या बाठीतून एकच रोप येतं आणि ते परागीकरणातून जन्मलेलं असतं, म्हणून आईसारखंच फळ देईल याची खात्री नसते. वाढलं तर ते रायवळ झाड होईल. हापूस हवा असेल तर त्या रोपावर हापूसच्या झाडाची काडी बसवावी लागते. त्याला कोयकलम म्हणतात, आणि ते पावसाळ्यातच करतात. रोप दहा-पंधरा दिवसांचं, पानं अजून तांबूस असताना घ्यायचं. कोयीच्या वर चार बोटं ठेवून ते कापायचं आणि मधोमध चीर द्यायची. काडी पेन्सिलीएवढ्या जाडीची, तीनचार महिन्यांची, आठ-दहा दिवस आधी झाडावरच पानं खुडून ठेवलेली, म्हणजे तिचे डोळे फुगतात. तिच्या टोकाला पाचरीसारखा काप घेऊन ती चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची.

हे वाचून पाच-सहा जणांनी आपल्याकडच्या बाठी शोधायला घेतल्या. कोणाच्या कचऱ्याच्या डब्यात होत्या, कोणी आधीच मातीत टाकल्या होत्या. बाठ वाळली की तिची रुजण्याची ताकद लवकर जाते, म्हणून घाई होती. जुलैत ग्रुपवर रोपांचे फोटो येऊ लागले, आणि पहिल्यांदाच हे फोटो दादाचे नव्हते. नाशिकच्या एका काकांनी आपल्या रोपाला रोज पट्टी लावून उंची कळवायला सुरुवात केली. मग दादाने काड्या पाठवायचं ठरवलं. काडी ओल्या फडक्यात आणि वर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली तर तीनचार दिवस टिकते, त्यामुळे पुण्यापर्यंतचा प्रवास तिला सोसतो. आंबा नेणारी गाडी जुलैत नसते, म्हणून काड्या रात्रीच्या एसटीने निघालेल्या एका नातेवाइकाच्या पिशवीतून आल्या. रविवारी सकाळी माझ्या घराच्या गच्चीवर दादाने व्हिडिओ कॉलवरून आणि ग्रुपमधल्या एका माळीकाम जाणणाऱ्या सभासदाने प्रत्यक्ष हाताने कलमं बांधून दाखवली.

पंधरा-वीस दिवसांनी काडीचा डोळा फुटला तर कलम जगलं. काडी काळी पडली तर मेलं. हा निकाल प्रत्येकाच्या खिडकीत वेगवेगळ्या दिवशी लागत होता, आणि ग्रुपवर ते तीन आठवडे शांतता नव्हती. बरीच कलमं मेली. त्याचं कारण दादाने शोधून सांगितलं: काहींनी रोप जास्त वाढू दिलं होतं, देठ हिरवा आणि कडक झाला होता. काहींची पट्टी सैल होती आणि चिरेत पाणी शिरलं. जगलेल्यांनाही त्याने स्पष्ट सांगितलं की कुंडीत हापूस नीट फळेल अशी आशा धरू नका, हे मोठं होणारं झाड आहे, जमीन मिळाली तर तिथे लावा, आणि पहिली काही वर्षं मोहोर आला तरी खुडा. त्यातली काही कलमं पुढे कोणाच्या गावी, कोणाच्या शाळेच्या आवारात लागली.

या सगळ्यात एक रुपयाचीही विक्री नव्हती, आणि ती व्हावी म्हणून कोणी काही केलंही नव्हतं. पण ऑगस्ट संपला तेव्हा ग्रुपवर एकमेकांना नावाने ओळखणारी वीसेक माणसं होती. माझ्या मते ग्रुप जिवंत राहतो तो इथे. ग्राहकाला स्वतःचं काहीतरी काम मिळालं, त्याचा निकाल त्याच्या घरात लागला, आणि त्याबद्दल विचारायला दुसरी कुठली जागा नव्हती. बागायतदार दिवसभर रंजक मजकूर टाकत राहिला असता तर असं झालं नसतं.

पुढच्या वर्षांत याच धर्तीवर वर्षाचा एक मळलेला रस्ता तयार झाला. मेअखेर पेट्या संपल्या की साठं आणि आंबोशीचं बोलणं निघतं. साठं किती जाड ओतायचं, पुण्यात ऊन कडक पण पाऊस लवकर आला तर काय, यावर वहिनी बोलते आणि ठाण्याच्या एक काकू तिला खोडून काढतात. पावसाळा कोयकलमांचा. नोव्हेंबर-डिसेंबरात थंडी पडायला लागली की दादा एका ठरावीक कलमाचा फोटो दर रविवारी टाकतो. तेच कलम, त्याच बाजूने. मोहोर फुटतो, मग कणी, मग वाटाणा, गोटी, सुपारी. ग्राहक तो आकार ओळखायला शिकले आहेत. मोहोर फुटल्यापासून फळ तोडायला साधारण साडेतीन ते चार महिने लागतात, हे त्यांना आता पाठ आहे. त्यामुळे ‘आंबा कधी येणार?’ असा प्रश्न नव्या सभासदाने फेब्रुवारीत विचारला तर जुने सभासदच हिशेब करून सांगतात.

कोण बोलतं आणि कोण बोलत नाही, याची मला सुरुवातीला काळजी वाटायची. संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००६मध्ये एक ठोकताळा मांडला होता: अशा सामूहिक जागांवर शंभरातले नव्वद नुसतं वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात आणि एक जण सतत लिहितो. आमच्याकडे बोलणाऱ्यांचं प्रमाण त्याहून बरं आहे, पण गप्प बसणारेच बहुसंख्य आहेत. ते खरोखर आहेत की नुसते नावाला, हे पाहायची सोय फोनमध्येच असते. अ‍ॅडमिन स्वतःच्या मेसेजवर बोट दाबून माहिती उघडतो, तेव्हा तो कोणी वाचला ते दिसतं. रविवारचा मोहोराचा फोटो संध्याकाळपर्यंत बहुतेक सगळ्यांनी पाहिलेला असतो. आणि गप्प माणसं बोलतात, पण एकट्यात. साठ्याची चर्चा झाली की वहिनीला तीनचार जणांचे वेगळे मेसेज येतात: ‘ग्रुपवर विचारायला संकोच वाटला, पण गूळ घातला तर चालेल का?’ वहिनी त्यांची परवानगी घेऊन, नाव न सांगता, तोच प्रश्न ग्रुपवर मांडते.

ग्रुप मंदावतोय हे ओळखायची माझी खूण मेसेजांच्या संख्येत नाही. एखाद्या सभासदाने प्रश्न विचारला की पहिलं उत्तर कोण देतं, ते मी पाहते. सभासदाने सभासदाला उत्तर दिलं तर ठीक. सलग दोन-तीन आठवडे प्रत्येक उत्तर आमच्याच घरातून जायला लागलं, तर ग्रुप हळूहळू दुकानाचा चौकशी-क्रमांक होत चालला आहे असं समजायचं. तेव्हा वहिनी मुद्दाम दोन-तीन तास थांबते. उत्तर माहीत असूनही लिहीत नाही. बहुतेक वेळा कोणीतरी लिहितं. दुसरी खूण म्हणजे जाणारी माणसं. २०२२पासून ग्रुप सोडल्याचं फक्त अ‍ॅडमिनला कळतं, सगळ्यांना नाही. कोण गेलं यापेक्षा कशानंतर गेलं, ते महत्त्वाचं. दराच्या मेसेजनंतर दोघे गेले तर त्याची फारशी चिंता नको. एखाद्या वादानंतर किंवा फॉरवर्डच्या लाटेनंतर गेले तर लगेच काहीतरी करावं लागतं.

फॉरवर्ड हा अशा ग्रुपचा खरा रोग आहे. सुप्रभात, देवांचे फोटो, निवडणुकीच्या काळात नेत्यांची व्यंगचित्रं. ग्रुपच्या वर्णनात नियम लिहिलेला आहे, पण वर्णन कोणी वाचत नाही. एक वयस्कर काका रोज पहाटे सुविचार पाठवायचे. त्यांचा मेसेज अ‍ॅडमिनला पुसता येतो, पण सगळ्यांदेखत ‘हा मेसेज काढून टाकला’ अशी पाटी उरते, आणि वयाने मोठ्या माणसाला ते लागतं. दादाने त्यांना फोन केला. “काका, तुमचा सुविचार मला वेगळा पाठवा, मी वाचतो. ग्रुपवर मोहोराचा फोटो खाली जातो आणि नाशिकवाल्यांना सापडत नाही.” काकांनी थांबवलं. वर त्यांनी आपल्या गावाकडच्या रायवळ झाडांची नावं ग्रुपवर लिहायला घेतली, एकेका झाडाच्या चवीसकट, आणि ती यादी आता बऱ्याच जणांनी जपून ठेवली आहे. राजकारणाच्या मेसेजला मात्र फोन नाही. तो लगेच पुसला जातो, पाठवणारा कोणत्याही बाजूचा असो.

सभासदांच्या स्वतःच्या धंद्यांचा प्रश्न जास्त नाजूक होता. कोणी फराळ करून विकतं, कोणाचं साड्यांचं दुकान. आपण आंबा विकायचा आणि त्यांना बंदी घालायची, हे बरोबर दिसेना. शेवटी दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतच्या दिवसांत प्रत्येकाने एकदाच आपल्या मालाबद्दल लिहावं असं ठरलं, म्हणजे दादाला मार्चमध्ये जेवढी मुभा आहे तेवढीच सगळ्यांना. यावरून पुन्हा वाद झाला नाही.

ग्रुपची सगळ्यात कठीण परीक्षा साक्याने घेतली. मेचा दुसरा आठवडा होता. ठाण्याच्या एका सभासदाने कापलेल्या आंब्यांचा फोटो टाकला. बाहेरून केशरी, निर्दोष, आणि आत बाठीभोवती पांढुरका, भुसभुशीत, आंबट गर. खाली एकच ओळ होती: ‘पाहुण्यांसमोर कापले. सहापैकी दोन.’

अशा वेळी दुकानदाराची सवय असते की ‘कृपया वैयक्तिक मेसेज करा’ असं लिहून तक्रार आडोशाला न्यायची. मी तसं लिहायला निघाले होते, पण वहिनीने आधीच ग्रुपवर लिहिलं, “हा साका आहे. पेटीवरची तोडीची तारीख कळवाल का? त्या तारखेची पेटी आणखी कोणाकोणाकडे आहे?” तारीख कळली. त्याच तोडीच्या पेट्या असलेल्या घरांनी त्या संध्याकाळी आंबे कापले आणि आकडे कळवले. काहींकडे एकही नव्हता, काहींकडे एक-दोन होते. रात्री दादाने लिहिलं ते थोडक्यात असं: साका बाहेरून ओळखता येत नाही, कापल्यावरच कळतो, म्हणून मी तो निवडून बाजूला काढू शकत नाही. फळ झाडावर जास्त पक्व होऊ दिलं, जमिनीची धग लागली, किंवा तोडल्यावर उन्हात राहिलं तर तो वाढतो. संशोधकांनी त्याचा संबंध बाठीतल्या बीला रुजण्याची घाई होण्याशीही जोडला आहे. त्या तोडीला मजूर कमी होते, फळ चौदा आण्यांच्या पुढे गेलं होतं. साका निघालेल्या प्रत्येक फळाचे पैसे परत मिळतील. फोटो पाठवायची गरज नाही, नुसता आकडा सांगा.

शेवटच्या वाक्यावर आमच्या घरात वाद झाला. पुराव्याशिवाय पैसे म्हणजे लुबाडणूक होईल अशी भीती होती. झाली नाही. उलट दोघांनी, आधी सांगितलेल्या आकड्यात त्यांच्या चुलीजवळ ठेवून सडलेलं फळही मोजलं गेलं होतं असं सांगून, एकेक आंबा कमी केला. हे सगळं शंभरावर माणसांसमोर घडलं होतं, आणि मला वाटतं त्यामुळेच ते सरळ झालं. त्यानंतर दोन गोष्टी कायमच्या बदलल्या. पेटीवर तोडीची तारीख आधी पेन्सिलीने असायची, ती आता ठळक शाईने असते. आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यानंतरच्या तोडीबद्दल दराच्या मेसेजमध्येच लिहिलं जातं की साक्याची शक्यता वाढते, ज्यांना पाहुण्यांसाठी हवे आहेत त्यांनी एप्रिलची तोड घ्यावी.

खराब वर्षाचीही हीच रीत. एका जानेवारीत अवकाळी पाऊस आणि पाठोपाठ धुकं आलं. मोहोरावर भुरी आणि तुडतुडे दोन्ही पडले, फवारे वाढले आणि तरीही पहिला मोहोर काळा झाला. बागायतदार अशा वेळी ग्राहकाला काही कळवत नाहीत, कारण मागणी दुसरीकडे जाईल अशी धास्ती असते. पण ग्रुप त्या ठरलेल्या कलमाचा फोटो दर रविवारी पाहत होता. तो थांबवला असता तर थांबवल्याचंच सगळ्यांना दिसलं असतं. दादाने काळा पडलेला मोहोर तसाच दाखवला आणि लिहिलं की या वर्षी अक्षय्य तृतीयेला माझ्याकडून आंबा मिळेल असं धरू नका, दुसऱ्या मोहोराचं फळ मेमध्ये येईल आणि थोडं येईल. ज्यांना तृतीयेला हवा होता त्यांना त्याने शेजारच्या एका बागायतदाराचा नंबर दिला, त्या बागेत मोहोर लवकर आला होता.

त्या वर्षी काही जण त्या बागायतदाराकडे गेले आणि तिथेच राहिले. ते अजून ग्रुपवर आहेत, कोयकलमांवर बोलतात, पेट्या तिकडून घेतात. त्यांना काढावं असं एकदा सुचवलं गेलं होतं. वहिनी म्हणाली, “त्यांनी आंबा सोडलाय, आपल्याला नाही.” ते राहिले.

ग्रुपने विक्री वाढते का, असं मला इतर बागायतदार विचारतात. सरळ उत्तर द्यायचं तर फारशी नाही. सव्वाशेतले बरेच लोक आधीही घ्यायचे. ग्रुपमुळे ते दरवर्षी नव्याने शोधावे लागत नाहीत, आणि मार्चचा दराचा मेसेज गेल्यावर दोन-तीन दिवसांत बहुतेक पेट्यांची नावं ठरतात, त्यामुळे किती माल बाजारात पाठवायचा याचा अंदाज तोडीआधी येतो. दादाला त्याचा फायदा दरापेक्षा जास्त वाटतो. पण मोठी बाग असलेल्याचा सगळा माल एका ग्रुपवर खपणार नाही, तसा तो खपवायला गेलं तर दहा महिन्यांची शांतता मोडावी लागेल. शिवाय वेळ जातो. रोजचा अर्धा-पाऊण तास, आणि तक्रारीच्या दिवशी पूर्ण संध्याकाळ. हे काम पगारी माणसाकडे देता येईल का, याचा दादाने विचार करून पाहिला. ज्याला पालवी आणि मोहोर यांतला फरक माहीत नाही, त्याच्या उत्तरांवर ठाण्याच्या काकू गप्प बसणार नाहीत, हे त्याला लगेच कळलं.

सध्या अडचण वेगळीच आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमध्ये १,०२४ माणसं मावतात, पण दीडशेच्या पुढे गेलं की नाव आणि माणूस यांची जोडी सुटते, असा आमचा अनुभव आहे. जुने सभासद आपल्या बहिणीला, शेजाऱ्याला आत घ्या म्हणतात आणि वहिनीची दोन हंगामांची अट पुढे करावी लागते. प्रतीक्षेतल्या नावांची वेगळी वही झाली आहे. पुणे आणि ठाणे असे दोन ग्रुप करावेत, असं मी सुचवलं. नाशिकचे काका म्हणाले, मग आम्ही कुठे जायचं? ठाण्याच्या काकूंना पुण्याच्या कलमांचे फोटो हवे आहेत. दादाच्या मते पुढच्या जूनपर्यंत थांबावं, कोयकलमांच्या वेळी नव्या लोकांपैकी कोण बाठ रुजवतं ते पाहावं आणि तेवढ्यांनाच आत घ्यावं. वहिनीला हे मान्य नाही, कारण गच्ची नसलेल्या घरांवर त्यात अन्याय होतो. यावर अजून निर्णय झालेला नाही. आणि तो ग्रुपवरच विचारून घ्यायचा, एवढं मात्र ठरलं आहे.